क्लब हाऊसची अनामत

कोलशेतच्या फ्लॅटचा करारनामा मी इतक्यांदा वाचला होता की मनूला पाजतानाही त्यातली कलमं आठवत बसायची. मीटरचे पैसे, सोसायटीचे शेअर, वकिलाचा खर्च आणि सहा महिन्यांची देखभाल, ताबा घेताना एवढंच द्यायचं होतं. क्लब हाऊस हा शब्द अठ्ठावीस पानांत कुठेच नव्हता.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये ताब्याचं पत्र आलं, त्यात तो होता. क्लब हाऊसची अनामत वीस हजार, देखभालीची वेगळी अनामत बारा हजार. आधी भरा, मग चावी.

मनूला कडेवर घेऊन मी बिल्डरच्या ऑफिसात गेले. मॅनेजरपुढे करारनामा उघडला.

"हे कुठल्या कलमात आहे?"

"ताई, सगळ्यांनी भरलेत."

"क्लब हाऊस कुठंय?"

त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिथे गवत होतं आणि दोन म्हशी. "होणार ना!"

"झालं की मागा मग."

"वकिली शिकलात काय हो?"

"नाही. पण वाचता येतं."

तिथली माणसं हसली. मलाही तेव्हा ते वाक्य आवडलं होतं.

कोर्ट नाक्यावरच्या शेलार वकिलांनी कागद बघितले. म्हणाले, "कराराबाहेरचं मागताच येत नाही. पोचपावतीचं पत्र पाठवा. अगदीच नडलं तर भरा, पण त्यांच्या कागदावर 'हक्क राखून भरत आहे' असं लिहिल्याशिवाय सही करू नका. तेवढं असलं की ग्राहक मंचात परत मागता येतात."

हे मी उत्तमला, माझ्या नवऱ्याला, दोनदा सांगितलं. बाबांना नाही. करारनाम्यावर पहिलं नाव माझ्या सासऱ्यांचंच होतं, सखाराम भिवाजी. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून मिळालेला सगळा फंड त्यांनी त्या घरात घातला होता. पण त्यांना ब्लडप्रेशर. उगाच घोर कशाला, म्हणून ताब्याचं ते पत्र मी मनूच्या लंगोटांखाली ठेवून दिलं.

खोपटच्या आमच्या भाड्याच्या खोलीत काय लपणार? घरमालक दारात येऊन सांगून गेला, तीस तारखेला खोली रिकामी पाहिजे. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. बाबा बाहेर मनूला खेळवत होते.

चौथ्या दिवशी दुपारी ते आले ते हसतच. चावी माझ्या हातावर ठेवली.

"घे पोरी. आता पुनवेची बुद्धवंदना नव्या घरात."

"कशी दिली त्यांनी?"

"भरले की. बँकेतली माझी ठेव मोडली. तू रडायचं नाय आता."

मी चावी बाजूला ठेवली आणि कागद मागितले. पावती होती. सोबत इंग्रजीतलं टाईप केलेलं पत्र: दोन्ही रकमा स्वखुशीने दिल्या आहेत, त्याबद्दल कधीही तक्रार करणार नाही. खाली तीन जागी बाबांची सही, पूर्ण नावाची, प्रत्येक अक्षर सुटं आणि नीट.

"बाबा, हे काय केलंत? कुणाकडून वाचून तरी घ्यायचं! ही सही करण्यापेक्षा अंगठा लावला असतात तर बरं झालं असतं!"

मनू बाबांच्या सदऱ्याला धरून उभी राहत होती. त्यांनी तिला खाली बसवलं.

"तो पण तेच म्हणाला," ते म्हणाले. "मॅनेजर. इंकपॅड सरकवला माझ्यापुढे. बोलला, आजोबा, अंगठा चालेल. मी बोललो, पेन दे. तिशीत रात्रशाळेत शिकलोय सही. मग त्याला कसं विचारणार, काय लिवलंय म्हणून?"

उत्तम मला म्हणाला, "अगं, तू त्यांना आधी का नाही सांगितलंस?"

आम्ही नव्या घरात राहायला गेलो. पुनवेची वंदना झाली. बाबा मागे भिंतीला टेकून बसले. पूर्वी सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा असायचा. दुसऱ्या दिवशी ते नणंदेकडे टिटवाळ्याला जाऊन राहिले. "तिकडं हवा बरी आहे," म्हणाले.

महिन्याभराने बाबांना बोलावून घेऊन शेलारांकडे गेलो, तिघंही. ते म्हणाले, "अजून मार्ग आहे. पण बाबांनी प्रतिज्ञापत्र द्यायला हवं. मला इंग्रजी येत नाही, मजकूर समजला नाही, कुणी वाचून दाखवला नाही, असं. समोरचा वकील यावरून त्यांना काहीही बोलेल, तयारी ठेवा."

बत्तीस हजार. बाबांच्या ठेवीत आता दुसरं काही उरलं नव्हतं. नको, राहू दे, असं म्हणायला मला वेळ होता. पंखा फिरत होता, टायपिस्ट कार्बन लावत होता. मी मनूचे मोजे नीट करत राहिले.

"लिवा," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता, टायपिस्टला सावकाश सांगू लागले, "मी सखाराम भिवाजी. मला वाचता येत नाही."

मराठी त्यांना वाचता येत होतं. रोज पेपर वाचायचे ते. तेही मी सांगितलं नाही.