सातवा मुद्दा

दुपारच्या सामसुमीत ओट्यावरून स्टीलचं झाकण घसरलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. सुवर्णाने पाय लावून ते थांबवलं, पण तोवर आतल्या खोलीत तिची लेक जुई उठून बसली होती.

जुई झोपली की तेवढा अर्धा-पाऊण तास सुवर्णाचा. आज त्या वेळात ती राखी पाकिटातून काढून नुसती बघत बसली होती. चांदीच्या तारेची, मधे एकच मोती. भावासाठी, ललितसाठी. मंगळवारी, पंधरा ऑगस्टलाच राखीपौर्णिमा होती आणि त्याच संध्याकाळी ललित सिन्नरहून मुंबईला निघणार होता. पहाटेचं विमान, मस्कत, तीन वर्षांचा करार. सिन्नरच्या कारखान्यातून त्याच्यासोबत आणखी चौघे जाणार होते, सगळ्यांत मिळून एक जीप.

लग्न झाल्यापासून एकाही राखीला सुवर्णा सिन्नरला गेली नव्हती. नाशिकच्या गंगापूर रोडच्या पुढे, धरणाच्या वाटेवर सासऱ्यांचा, म्हणजे दादांचा, गुलाबांचा मळा होता. दादांनी तो निम्मा मोडून तिथे रिसॉर्ट उभं केलं: चार साध्या खोल्या, दोन एसी, आणि तळ्याकडे तोंड केलेल्या दोन कॉटेज. राहायचं घर ऑफिसच्या मागेच. लोकांची सुट्टी सुरू झाली की या घराची संपायची, हे सुवर्णाला नवी नवरी असतानाच कळून चुकलं होतं.

म्हणून यंदा जोडसुट्टीच्या ऑफरचा कागद तिनेच लिहायला मागून घेतला. सोमवारची एक रजा टाका, चार दिवस मिळवा. शनिवारी दुपारी बाराला यायचं, मंगळवारी सकाळी दहाला खोली सोडायची. त्यात नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, चार वाजता चहा-भजी. पाच वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत, बारापर्यंत निम्मे. श्रावण म्हणून जेवण शाकाहारी, तेही ठळक लिहिलं, नाहीतर ऐन जेवणाच्या वेळी कुणीतरी रस्सा मागायचं. पंधरा दिवस आधी रद्द केलं तर दहा टक्के कापून बाकी परत, आठवडाभर आधी निम्मे, त्यानंतर काही नाही. हे वाचून तिलाच कसंसं झालं. घरात एखादं पोर तापाने फणफणलं तर त्या माणसांनी काय करायचं? म्हणून तिने सातवा मुद्दा घातला: दोन दिवस आधी कळवल्यास, खोली रिकामी असल्यास, तारीख एकदा बदलून मिळेल, जादा आकार नाही.

दादांनी चष्मा वर करून कागद वाचला आणि बरं लिहिलंय म्हणाले. कागद ठाण्या-मुंबईच्या एजंटांना फॅक्स झाला. दहा दिवसांत आठही खोल्या भरल्या, वर चार-पाच जण रांगेत. मंगळवारी दहानंतर मात्र रिसॉर्ट रिकामं. सुवर्णाने हे मनात कितीदा तरी घोळवलं होतं. दहाला खोल्या सुटतील, अकराला आवरेल, जुईला घेऊन बस धरली की दोनच्या आत सिन्नर. स्वयंपाकघरातल्या नवसाबाईंना आणि भागुबाईंना तिने स्वतःच मंगळवारची सुट्टी देऊन टाकली होती. नवसाबाईंचा भाऊ हरसूलच्या पलीकडे डोंगरात. त्या हसून म्हणाल्या होत्या, "वहिनी, या साली तुमी बी जा, मी बी जाते."

जुईला मांडीवर घेऊन सुवर्णा तिचे केस सारखे करत होती, तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. ज्ञानेश, तिचा नवरा, गॅसची टाकी आणायला गेला होता. जुईला कडेवर घेऊन तिनेच उचलला.

ठाण्याचे वैद्य बोलत होते. दोन एसी खोल्या आणि दोन्ही कॉटेज त्यांच्या नावावर. एकाच बँकेतली चार कुटुंबं. आवाज फार गोड. झालं असं होतं, की त्यांच्या ऑफिसात सगळ्यांनीच चौदाची रजा टाकली होती आणि साहेबांनी सगळ्यांचीच नाकारली होती. बुधवार ते शुक्रवारची मात्र दिली. तेव्हा सातव्या मुद्द्याप्रमाणे त्यांचे तीन मुक्काम मंगळवारपासून धरायचे. शनिवारला अजून तीन दिवस होते, म्हणजे मुदतीतच बसत होतं, असंही ते म्हणाले. मंगळवारी बाराला पोचू, दुपारचं जेवण तिकडेच.

म्हणजे सुवर्णाची बस गेली. तरी तिने सुचवून पाहिलं, बुधवारी सकाळी आलात तर, एक जेवण आमच्याकडून.

"अहो, मग पंधराची सुट्टी घरी बसून घालवू का?" वैद्य हसले. "आणि खोल्या रिकाम्या आहेत ना मंगळवारी?"

होत्या. सगळ्याच होत्या. तिने स्वतः रिकाम्या ठेवल्या होत्या.

"तारीख पुढे ढकलता येते," ती म्हणाली. "ढकलते मी."

घरात मात्र आनंदीआनंद. शनिवारच्या चार खोल्या सुटल्या म्हटल्यावर दादांनी रांगेतल्या लोकांना लगेच फोन लावले, तासाभरात त्या पुन्हा भरल्या. शिवाय शुक्रवारपर्यंत अर्धं रिसॉर्ट चालू. सूनबाईचं डोकं व्यापाराचं आहे, असं ते पहिल्यांदाच सर्वांदेखत म्हणाले. ज्ञानेशला तिने बाजूला घेऊन मंगळवारची आठवण करून दिली. तो वाईट माणूस नव्हता. डोकं खाजवत उभा राहिला.

"चार घरं जेवायला, स्वयंपाकघरात बाई नाही, तूही नाहीस. मी वाढू काय?" मग म्हणाला, "मीनाताई येणार आहेच मला राखी बांधायला. ती देईल तुला हात."

त्याच्या बहिणीने इकडे यायचं, हे बोलताना त्याला काहीच खटकलं नाही. सुवर्णाने त्याच्याकडे पाहिलं, आणि हातातला फडका खिडकीच्या गजावर वाळत टाकला.

एक वाट उरली होती, ती म्हणजे नवसाबाई. संध्याकाळी त्या पोळ्यांचं पीठ मळायला बसल्या तेव्हा सुवर्णा दारात जाऊन उभी राहिली. त्या एकट्या थांबल्या तरी निभावलं असतं. नारळीभात रांधून ठेवता आला असता, वाढायला मीनाताई होत्या. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात नवसाबाईंनी पिठाचे हात झटकून कंबरेची पिशवी सोडली. त्यात लाल गोंड्याची मोठी थोरली राखी होती, हरसूलच्या बाजारातून आणलेली.

"लय झगमग हाय का, वहिनी? हसंल का तो?"

"छान आहे," सुवर्णा म्हणाली. "नाही हसणार."

रात्रीच्या जेवणाआधी तिने ललितला फोन लावला. जीप जाताना इकडून वळवता येईल का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "ताई, जीप घोटीवरून जाणारे गं. चौघांचं सामान, रस्ता ओला... त्यांना नाशिकवरून कसं म्हणू?" आणि तिचा आवाज ओळखून घाईघाईने पुढे बोलला, की पोस्टाने पाठव, उद्याच टाक, सोमवारपर्यंत मिळेल, विमानात बसताना हातात असेल, शप्पथ.

तिने पाकीट काढलं. राखीबरोबर हळदकुंकवाची पुडी ठेवली, चार अक्षता ठेवल्या. ओवाळणं काही पाकिटात मावत नव्हतं.

जुई समोर कोपरं टेकून सगळं बघत होती. तिच्या नव्या फ्रॉकची घडी सिन्नरच्या पिशवीत वरच होती.

"आपण नाही जायचं मामाकडे?"

"नाही गं सोन्या. पाहुणे येणारेत."

"त्यांना तू म्हणालीस, तारीख पुढे ढकलता येते."

"हो."

जुईने पाकिटावर बोट ठेवून विचारलं, "आई, मग मामाची येते ढकलता?"