पट्टी वर सरकली तेव्हा

दिवसभर बातम्यांची चॅनलं बघणं हे माझं काम आहे, असं सांगितलं की नातेवाईक हसतात. सासूबाईंनी तर लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "आणि याचा पगार देतात तुला?" देतात. कारण मी बातम्या ऐकत नाही, वाचते. निवेदक काय ओरडतोय याच्याशी मला देणंघेणं नसतं. त्याच्या छातीखाली जी मोठी पट्टी येते ती, आणि पडद्याच्या तळाला उजवीकडून डावीकडे जी बारीक पट्टी धावते ती, या दोन्हींवर काय लिहिलं होतं, कधी आलं, कधी बदललं, कधी गायब झालं, याची नोंद आमचं ऑफिस ठेवतं.

खरं वाचन यंत्र करतं. दर दोन सेकंदांनी ते व्हिडिओतलं एक चित्र घेतं, ठरवून दिलेल्या दोन चौकटी कापतं आणि त्यातली अक्षरं ओळखतं. धावत्या पट्टीचे तुकडे जोडून पूर्ण ओळ बनवतं. एखाद-दुसरं अक्षर चुकलं तर ती ओळ जुनीच धरतं. ओळ पुन्हा पुन्हा फिरून येत असते, म्हणून ती दिसत राहिली की नोंद उघडी राहते; बराच वेळ दिसली नाही की नोंद बंद. यंत्राने 'मंत्री'चं 'संत्री' केलेलं दुरुस्त करायला मी आहे. आमचा इंजिनियर मला ताई म्हणतो आणि माझ्या चष्म्याला 'दुसरं यंत्र' म्हणतो. पोरगा हुशार आहे, फक्त स्वतःच्या यंत्रावर त्याचा फार जीव.

एका दुपारी एक बाई सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात आमचाच अहवाल होता, गुंडाळी करकचून वळलेली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"ऑफिसने लिहिलंय. बसा ना."

"बसायला नाही आले. हे खोटं आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या नोंदीला चुकीचं म्हणणारे रोज भेटतात, खोटं म्हणणारी पहिलीच. तरी तिला पाणी दिलं आणि मग ती बसली.

प्रकरण मला माहीत होतं. एका इमारतीत लिफ्ट कोसळली, दोन माणसं जखमी झाली. सकाळीच एका चॅनलने लिफ्ट मेकॅनिकचं नाव घेऊन पट्टी चालवली: त्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात. थोड्याच वेळात पोलिसांनी सांगितलं की या मेकॅनिकने दोर बदलायला हवा असं महिन्यापूर्वीच लेखी कळवलं होतं, इमारतवाल्यांनी लक्ष दिलं नाही. तो मेकॅनिक म्हणजे या बाईचा धाकटा भाऊ. त्याने चॅनलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे दाद मागितली होती. मंडळाचा नियम साधा आहे: चूक जिथे दाखवली तिथेच, आणि जितका वेळ दाखवली तितकाच वेळ दुरुस्ती दाखवायची. किती वेळ, हे मंडळाने आम्हाला विचारलं. आमच्या नोंदीत होतं, अर्धा तास. मोठी पट्टी बदलली आणि जवळजवळ त्याच वेळी धावती ओळही बंद झाली. चॅनलचंही म्हणणं तेच होतं, की कळल्याबरोबर आम्ही काढली.

"अर्धा तास दिलगिरी दाखवतील भल्या पहाटे, कोण बघणार?" ती म्हणाली. "त्याला कोणी लिफ्टला हात लावू देत नाही हो. ज्या इमारतींची कामं बारा वर्षं केली, तिथला वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. घरात नुसता बसून असतो. आणि ती ओळ मी स्वतः संध्याकाळी वाचली. दवाखान्यात, आमच्या आईचा नंबर यायचा होता तेव्हा."

"दुसरं चॅनल असेल. किंवा सकाळचं आठवत असेल." हे मी शंभर जणांना सांगितलेलं वाक्य आहे आणि बहुतेकदा ते बरोबर असतं.

"सकाळी मी कामावर होते. आणि चॅनल तेच. मला विसरता येत नाही, मॅडम. बाजूला गादीची जाहिरात होती. एक कुटुंब गादीवर लोळत दात काढून हसतंय, आणि त्यांच्या डोक्याशी माझ्या भावाचं नाव फिरतंय."

"डोक्याशी? गादी पट्टीच्या खाली होती?"

"हो. खाली आणि डावीकडे. टीव्ही आक्रसल्यासारखा वर कोपऱ्यात गेला होता."

मी इंजिनियरला हाक मारली ती जरा मोठ्यानेच असावी, कारण सगळं ऑफिस वळलं.

"त्या दिवशीच्या बंद झालेल्या सगळ्या ओळी काढ. या एकाच नाही, सगळ्या."

त्याने काढल्या. हवामान, सामन्याचा निकाल, इंधनाचे भाव, परीक्षेची तारीख, मेकॅनिक. धावत्या पट्टीवरच्या झाडून सगळ्या बातम्या एकाच मिनिटाला बंद. त्यानंतर रात्रीपर्यंत एकही नवी ओळ नाही. बातम्यांचं चॅनल दिवसभर मौन पाळतं, असं आजवर कोणी पाहिलंय?

इंजिनियरने त्या मिनिटाचा व्हिडिओ लावून बघितला आणि डोक्याला हात लावला. "ताई, गादीवाल्याने त्या मिनिटापासून रात्रीपर्यंतची जागा विकत घेतली होती. चित्र लहान करून वर सरकवलं, त्याबरोबर पट्टीही वर गेली. माझी चौकट जुन्याच जागी बसून गादीची जाहिरात वाचत राहिली."

"मग यंत्राने बोंब का नाही मारली?"

"त्याला अक्षरं मिळत होती ना! काही वाचताच आलं नसतं तर बोंबललं असतं. जाहिरातीची अक्षरं वाचली आणि जाहिरात म्हणून टाकून दिली. शिस्तीत." मोठ्या पट्टीची चौकट ऐसपैस होती, म्हणून ती पट्टी सरकूनही सापडत राहिली. धावती पट्टीही सरकून त्याच चौकटीत आली होती, पण तिथली बारीक अक्षरं सोडून द्यायची, हा नियमही त्यानेच घातला होता. त्याचा चेहरा इतका उतरला की मला रागवायचं होतं ते राहूनच गेलं. आणि खरं तर मी तरी कुठे शंका घेतली होती? मोठी पट्टी बदलली त्याच सुमारास धावती ओळही बंद झाली, म्हणजे सगळं कसं जुळून आलं.

व्हिडिओ आम्ही तीन महिने ठेवतो, त्यामुळे तो अख्खा दिवस जागेवर होता. इंजिनियरने चौकट वर सरकवली, अरुंद केली आणि तो दिवस पुन्हा वाचायला लावला. बाई माझ्या शेजारी बसून होती. पडद्यावर नोंदी भराभर येऊ लागल्या आणि मेकॅनिकची ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. दुपार झाली तरी नोंद उघडीच. संध्याकाळ झाली तरी उघडीच. मोठी पट्टी बदलली ती बातमीच्या टेबलावरून; धावती पट्टी भरणारा माणूस वेगळा, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग एक चित्र समोर आलं आणि इंजिनियरने ते तिथेच थांबवलं. वर मोठ्या अक्षरांत: मेकॅनिकने धोका आधीच कळवला होता, पोलिसांची माहिती. त्याच्या खाली, त्याच क्षणी, बारीक अक्षरांत: मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे अपघात. आणि त्याखाली हसणारं गादीकुटुंब.

बाई रडली. मला कोणाचं रडणं बघवत नाही, म्हणून मी उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेब वाईट माणूस नाही, घाबरट आहे. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला. "अहवाल तर गेलाय. आता आपणच म्हणायचं की आपली नोंद चुकली? उद्या प्रत्येक चॅनल हेच तोंडावर फेकेल. लोक आपल्याकडे येतात ते कशासाठी? आपण चुकत नाही म्हणून."

"नाही सर. आपण चित्र जपून ठेवतो म्हणून येतात. प्रत्येक नोंदीमागे चित्र आहे. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, त्यांनी डोळ्यांनी बघावं. आणि दिवसभर चॅनलं आपली वाक्यं गुपचूप बदलतात म्हणून आपण नोंदी ठेवतो. आपणही गुपचूपच बसणार असू तर मी घरी जाऊन चपात्या लाटते." आवाज चढला होता. काचेपलीकडे इंजिनियर कान देऊन उभा असलेला दिसत होता.

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पत्र तू लिही. सही मी करतो. आणि चूक कशी झाली ते पहिल्या ओळीत लिही, शेवटी नको."

मंडळाच्या सुनावणीला साहेब, इंजिनियर आणि मी असे तिघं गेलो. लांबट टेबल, तीन सदस्य, भिंतीवर एक पडदा. मेकॅनिक पहिल्यांदाच दिसला: उंच, खांदे पाडून बसलेला, हातांचं काय करावं ते न कळणारा. चॅनलची वकीलबाई तयारीची होती. "यांच्याच पहिल्या अहवालात अर्धा तास आहे. आता म्हणतात अख्खा दिवस. उद्या आठवडा म्हणतील. कोणतं खरं मानायचं?"

साहेब उठले. "पहिला चुकीचा होता," ते म्हणाले. "आम्हीच चुकलो. कसे चुकलो ते पत्रात आहे. दुसराही मानू नका. फक्त बघा." आणि त्यांनी ते चित्र पडद्यावर लावायला सांगितलं.

सदस्यांपैकी वयस्क बाईंनी चष्मा वर-खाली केला. वरची ओळ मोठ्याने वाचली. मग खालची वाचली. मग वकीलबाईंकडे पाहून विचारलं, "ही दोन्ही तुमचीच ना?"

वकीलबाई समोरचे कागद चाळू लागल्या. मेकॅनिक मात्र पहिल्यांदा मान वर करून पडद्याकडे पाहत होता. निकाल त्याच बैठकीत लागला: धावत्या पट्टीवर दुरुस्ती, सकाळपासून रात्रीपर्यंत, त्याच्या नावासकट.

ठरलेल्या दिवशी मी ऑफिसला लवकर पोचले. इंजिनियर आधीच येऊन बसला होता. आता त्याचं यंत्र आधी पट्टी कुठे आहे ते शोधतं आणि मगच वाचतं, शिवाय सगळ्या ओळी एकदम बंद झाल्या तर बोंब मारतं. सकाळच्या बातम्या सुरू झाल्या आणि ओळ आली: या मेकॅनिकचा दोष नव्हता, त्याने धोका वेळेत कळवला होता, चुकीच्या वृत्ताबद्दल दिलगीर आहोत. नोंद उघडली. साहेब चहाचा कप घेऊन आमच्या मागे उभे राहिले आणि ओळ फिरून आली की प्रत्येक वेळी मान डोलावू लागले, जणू त्यांनीच लिहिली होती.

दुपारी बाईचा फोन आला. मी म्हटलं, "बघताय ना? भाऊ काय म्हणतोय?"

"सकाळपासून टीव्हीसमोरून हलला नव्हता. आईला मोठ्याने वाचून दाखवत होता, दर वेळी. तिला ऐकू येतं हो नीट, तरीपण."

"आणि आता?"

"आता कुठे! मघाशी जुन्या इमारतीतून फोन आला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलीय म्हणे, लवकर या. हत्यारांची पिशवी उचलली आणि गेला." ती हसत होती. "मी म्हटलं, अरे, अजून रात्रीपर्यंत चालणार आहे, बघ ना. तर म्हणतो, तू बघ, मला काम आहे."