डाव्या पंखावरची दुरुस्ती

संग्रहालयातल्या कीटक विभागाचं काम भाचीकडे येऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी ते तिच्या मावशीकडे होतं. टाचणीला धक्का न लावता पेटी कशी उचलायची, हेसुद्धा तिला मावशीनेच शिकवलं होतं.

पंखांचे रंग मोजायला एक संशोधक यायचा होता, म्हणून तिने मोठ्या निळ्या फुलपाखराची पेटी काढली आणि दिव्याखाली हळूहळू कलती केली. निळा जांभळ्याकडे झुकला, मग विझून तपकिरी झाला. डाव्या पंखावरचा नखाएवढा ठिपका मात्र तसाच निळा राहिला, ढिम्म.

बारीक कुंचल्याने तिने स्पिरिटचा थेंब ठिपक्याच्या कडेला टेकवला. भोवतालचा पंख क्षणात हिरवा झाला, ठिपका निळाच. स्पिरिट उडून गेलं तसा पंख पुन्हा निळा झाला.

त्या संध्याकाळी ती मावशीकडे गेली. मावशी खिडकीशी बसून चष्मा पुसत होती.

"मावशी, डावा पंख कुणी रंगवला गं?"

मावशीचा हात थांबला. "कळलं कसं?"

"पेटी कलती केली."

"मी कधी कलती करून पाहिलीच नाही बघ. समोरून हुबेहूब दिसत होता." ती कसंनुसं हसली. "एकतीस वर्षं झाली. पेटीचं झाकण निसटलं, पंखावरचे खवले माझ्या बोटाला लागले. बोटावर निळं काही नव्हतंच, नुसती करडी धूळ. नोकरी नवी होती. घाबरले आणि दुकानातला निळा रंग आणला."

"त्या पंखात निळा रंग नाहीच, मावशी. खवल्यांवर पातळ थर असतात, मध्ये हवा. थराथरांवरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो, त्यातला निळा जोर धरतो. पंख कलला की थरांमधून येणाऱ्या उजेडाच्या वाटांमधला फरक घटतो, मग जोर जांभळ्याला मिळतो. हवेच्या जागी स्पिरिट भरलं की हिरव्याला. दुकानातला रंग बाकीचे रंग गिळतो आणि उरलेला निळा चहूकडे फेकतो. कुठूनही बघ, तो तोच."

मावशीने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"माझं नाव येईल का गं यात?"

भाचीने घरून निघतानाच ठरवलं होतं, नाव टाळायचं. पण आता तिला ते जमेना. "पेटीतल्या माहितीच्या चिठ्ठीवर लिहावं लागेल. नाहीतर तो माणूस तो ठिपका खरा धरून मोजेल."

"मग मीच लिहिते. तुझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला."

दुसऱ्या दिवशी मावशी संग्रहालयात आली. पहारेकऱ्याने तिला ओळखलं नाही, वहीत सही करायला लावली. तिने चिठ्ठीवर लिहिलं, डाव्या पंखावर रंग लावलेला आहे, खाली वर्ष आणि स्वतःचं पूर्ण नाव. शाई वाळेपर्यंत ती उभी राहिली.

संशोधक आला, चिठ्ठी वाचली आणि काही न विचारता यंत्र उजव्या पंखाकडे वळवलं.