'व्हिडिओ'च्या रकान्यातल्या खुणा

जाहिरातशास्त्राला नवी दिशा आमच्या चपलांच्या दुकानाने दिली, असं मी आठवडाभर सांगत होतो. सूनबाईने व्हिडिओ करून त्यात दहा टक्के सवलतीचा कोड सांगितला होता. बिल करताना 'दुकान कुठून कळलं?' हे विचारून मी वहीत खूण करायची, असं ठरलं होतं. 'व्हिडिओ'च्या रकान्यात एकेचाळीस खुणा झाल्या. आता दुकानाचे व्हिडिओच करायचे म्हणून सूनबाई नोकरीचा राजीनामाच लिहून घेऊन आली. येताच तिने बिलं चाळली.

"बाबा, पण कोड दोघांनीच सांगितला. सवलत कोण सोडतं?"

माझी मान खाली गेली. "विचारायला लाज वाटायची गं. तू खूश होशील म्हणून सगळ्या तिथेच केल्या."

"समोरच्या न्हावीकाकांचीसुद्धा?"

"त्यांच्या दोन."

तिने राजीनामा पर्समध्ये ठेवला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "यांना तरी विचारा."