दोनशे चौदा शब्दांचं वाक्य

कौसल्या गजभियेने समितीचं पत्र दोनदा वाचलं आणि घडी न घालताच पिशवीत कोंबलं. "अहवालाची भाषा उमेदवाराची दिसत नाही. खुलासा करावा." दोन वर्षं कामठीच्या गल्ल्यांमध्ये यंत्रमागांच्या खडखडाटात बसून तिने विणकर बायांचं ऐकलं होतं आणि त्यावर तीन प्रकरणांचा अहवाल लिहिला होता. आता म्हणे भाषा तिची नाही.

१९८३ साल होतं. अमरावती रोडवरच्या तिच्या संशोधन संस्थेत नुकताच संगणक आला होता. त्याच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, आत गारठा. दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीनंतर अहवाल पास झाला की संस्थेत कायमची जागा मिळायची. कौसल्याच्या अहवालाबद्दल कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली होती की तो तिच्या मार्गदर्शकांनी लिहून दिला. समितीचे अध्यक्ष दत्तोपंत देव यांनी लगेच अहवालातल्या शब्दांची आणि वाक्यांची मोजणी संगणकावर करायला सांगितली.

ती थेट संगणक विभागात गेली. विभागप्रमुख मधुकरराव मोजणीचा कागद पुढे करून म्हणाले, "भांडून उपयोग नाही बाई. तुमचा प्रवेशपरीक्षेचा निबंध आमच्यासमोर लिहिलेला आहे. त्यात वाक्याची सरासरी अकरा शब्द. अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात एकोणीस. 'म्हणून' हा शब्द निबंधात हजारात नऊ वेळा, इथे चार वेळा. आणि शेवटच्या भागात वाक्यं तीन-तीन शब्दांची. हे एका हाताचं लिखाण नाही. यंत्र कुणाचं नातेवाईक नाही."

"यंत्र नसेल," कौसल्या म्हणाली. कागदावर एका ओळीत सर्वांत लांब वाक्याचा आकडा होता. दोनशे चौदा शब्द. "हे वाक्य मला दाखवा."

"काय?"

"मी दोनशे चौदा शब्दांचं वाक्य कधी लिहिलं, ते मला पाहायचं आहे."

मधुकररावांनी खांदे उडवले आणि गोपिकाला हाक मारली. गोपिका मेश्राम कार्डं पाडायची. अहवालाचं पान समोर ठेवून रोमन अक्षरांत एकेक शब्द ती यंत्राने भोकं पाडून कार्डावर उमटवत असे, म्हणजे संगणकाला तो वाचता येई. गठ्ठ्यातून हवी ती कार्डं काढून ती जुळवू लागली आणि मध्येच थांबली.

"हे वाक्य नाही, साहेब. हा तक्ता आहे. कोणत्या मोहल्ल्यात किती माग, किती बाया, तो."

"मग वाक्य कसं झालं?"

"तक्त्यात पूर्णविराम कुठं असते? यंत्र पूर्णविराम दिसेपर्यंत मोजत जाते. तुम्हीच सांगितलं होतं, पानावर जे आहे ते सगळं पाड. मी पाडलं."

कौसल्याने खुर्ची ओढली. तिने अहवाल उघडला आणि बोट ठेवत गेली. हा उतारा पन्नास वर्षांपूर्वीच्या सरकारी चौकशीचा, चाळीस-चाळीस शब्दांची वाक्यं, अवतरणचिन्हात. हे तुळसाबाईचं बोलणं, 'मले काहून विचारतं, मालकाले विचार', जसंच्या तसं. आणि शेवटची संदर्भसूची. त्यात प्रत्येक लेखकाच्या नावातल्या आद्याक्षरांपुढे टिंब. प्रत्येक टिंबाला यंत्र वाक्य संपलं असं समजलं होतं.

"सरकारचा साहेब, तुळसाबाई आणि पुस्तकांची यादी, या तिघांची भाषा मोजली आणि म्हणता माझी नाही," ती म्हणाली. "खरंच माझी नाही. मी कुठं म्हटलं ती माझी आहे? म्हणूनच तर चिन्हं घातली."

"आणि 'म्हणून'चं काय?" मधुकररावांचा आवाज उतरला होता.

"तक्त्यातल्या आकड्यांमध्ये 'म्हणून' येतो काय? शब्द वाढले, 'म्हणून' तेवढेच राहिले. मग हजारात कमीच भरणार."

मधुकररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "गोपिका, ते सगळे गठ्ठे वेगळे कर."

दुपारभर दोघी कार्डं निवडत बसल्या. तिसऱ्या प्रकरणातल्या चार हजार सहाशे शब्दांपैकी कौसल्याचे स्वतःचे दोन हजार चारशेच होते. फिरून मोजणी झाली. सरासरी बारा. 'म्हणून' हजारात आठ. दुसऱ्या प्रकरणात बायांच्या मुलाखती आणि तक्ते काढल्यावर जेमतेम तीनशे शब्द उरले. मधुकरराव तेही मोजायला निघाले, तर कौसल्याने कागद धरला.

"तीनशे शब्दांवर काही ठरत नाही. तिथे 'मजकूर अपुरा' असं लिहा. हे माझ्या बाजूने आलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं."

त्यांनी तसं लिहिलं.

कार्डं बांधताना गोपिका तिच्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुमच्याआधी एक झाला. नत्थू वासनिक. काटोलचा. संत्रा बाजारातल्या हमालांवर लिहिलं होतं त्याने. त्याचीही मी अशीच सगळी पानं पाडली. असाच आकडा आला. तो काही बोलला नाही, गाठोडं बांधून निघून गेला. सहा महिने झाले."

कौसल्याने हातातला गठ्ठा खाली ठेवला. स्वतःसाठीचा राग एवढा वेळ उकळत होता. आता त्याच्याखाली दुसराच पेटला.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांनी तिला बसायला सांगितलं आणि गोड आवाजात म्हणाले, "शंका फिटली. चला, आनंद आहे. या कागदावर सही करा, पहिल्या तारखेपासून रुजू व्हा."

कागदावर एवढंच होतं की उमेदवाराचा खुलासा समाधानकारक आहे.

"माझा खुलासा नव्हे, सर. तुमची मोजणी चुकली. ते लिहा. आणि हेही लिहा की अवतरणं, संदर्भसूची आणि तक्ते वगळल्याशिवाय ही मोजणी कोणालाही लावायची नाही."

"तुम्हाला नोकरी हवी की भांडण?"

"नत्थू वासनिकलाही हेच विचारलं होतं काय?"

दत्तोपंतांचं हसू मावळलं. "ते प्रकरण बंद आहे."

"मग माझं उघडंच ठेवा. मी सही करत नाही."

पाच दिवस ती रोज येऊन त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली. तिसऱ्या दिवशी मधुकररावांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं की पहिली मोजणी सदोष होती. सहाव्या दिवशी दत्तोपंतांनी तिने सांगितला तसा नियम लिहिला आणि नत्थूचा अहवाल पुन्हा मोजायला दिला. त्याची कार्डं कधीच रद्दीत गेली होती. गोपिकाने सगळी पानं पुन्हा पाडली, या वेळी चिन्हं पाहून, तक्ते सोडून. निकाल तोच आला जो यायला हवा होता: भाषा नत्थूचीच.

रविवारी कौसल्या बसने काटोलला गेली. बाजारात संत्र्यांच्या पेट्यांवर खिळे ठोकत असलेला नत्थू तिला सापडला. तिने निकालाचा कागद दिला. त्याने वाचला, पुन्हा वाचला.

"सहा महिन्यांपासून गावातले लोकं मले नकलेवाला म्हणून राहिले," तो म्हणाला. "माझ्या बापानं बोलणं टाकलं. आता हे आणलं तुम्ही."

"उशीर झाला. मला माहीत आहे."

"तुमची काय चूक वं बाई. चला, बापाले वाचून दाखवा. मी वाचलं तर त्याले पटणार नाही."

त्याचा बाप बळीराम ओट्यावर बसला होता. कौसल्याने उभ्यानेच कागद वाचला, अक्षर न् अक्षर. म्हाताऱ्याने मान खाली घालून ऐकलं.

"म्हणजे पोरानंच लिहिलं होतं?"

"हो. सगळं त्यानंच."

"मग ज्यानं खोटं ठरवलं, तो आला नाही काय सांगाले?"

कौसल्याने कागदाची घडी घालून म्हाताऱ्याच्या हातात दिली. बळीरामने लेकाकडे पाहिलं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच राग तिला दिसला.