टिंब दाबलं आणि

चुलतबहिणीचा साखरपुडा अक्कलकोटला, माझा लॅपटॉप जुळे सोलापुरात. तेवढ्यात ऑफिसातल्या भीमाशंकर सरांचा फोन, "रुद्राणी, चादर प्रदर्शनाची तारीख साइटवर चुकलीय की!"

मी तणतणत तिथल्याच बसूदादाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं. साइटचा कोड जिथं साठवलेला असतो, त्या रिपॉझिटरीच्या पानावर टिंबाची की दाबली आणि ब्राउझरमध्येच एडिटर उघडला. घरच्यासारखाच, फक्त टर्मिनल नाही. कोड चालवून बघता येणार नव्हता, पण एक तारीख तर बदलायची होती.

तारीख बदलली. कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवतानाच्या, मेसेजमध्ये सवयीप्रमाणे राग काढला, "कोणत्या गाढवानं ही तारीख टाकली?" घरी कमिट माझ्याच मशीनवर राहतो. पुश करून ऑफिसकडे पाठवायच्या आधी मी तो मेसेज सभ्य करते. इथंही कंट्रोल-एंटर मारला आणि पुश शोधू लागले.

पुश करायचं उरलंच नव्हतं. या एडिटरला स्वतःची डिस्क नाही, त्यामुळे कमिट थेट रिपॉझिटरीतच गेला होता, सगळ्या ऑफिससमोर.

मी पान रिफ्रेश केलं. माझ्या कमिटवर सरांची कमेंट आली होती, "ते गाढव मीच. साखरपुड्याला जेवायला येतोय, बुंदी राखून ठेव."