जाळीच्या पायऱ्या

माझं काम आहे कॉम्प्युटर गेम वेगात पळवणं आणि धाकट्या भावाचं तो रंगवणं. एकाच ऑफिसात भाऊ-बहीण घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे, पण मालकाला ते कोण सांगणार!

चार वाजता प्रकाशक कंपनीच्या बाई येऊन त्यांच्या साध्याच लॅपटॉपवर गेम खेळणार होत्या. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, मिळाली तर करार, नाहीतर पाच जणांचं ऑफिस बंद. म्हणजे एका फ्रेमला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद. आमची चौदात होत होती. पण तिरक्या कडांना पायऱ्या दिसत. पडदा शेवटी चौकोनी ठिपक्यांचा, त्यावर तिरकी रेघ पायऱ्यांचीच होणार.

मी तोऱ्यात कडा मऊ करणारं चारपट अँटी-अलियासिंग लावलं. कडेवरच्या प्रत्येक ठिपक्यात चार जागी तपासायचं, आकार किती जागा व्यापतो ते बघायचं आणि तेवढ्या प्रमाणात रंग मिसळायचे. गेममधली छपरं लोण्यासारखी मऊ झाली. पण मेमरीवरचा भार वाढला आणि फ्रेम एकोणीस मिलिसेकंदांवर गेली. शिवाय धाकट्याने रंगवलेली कोळ्याची मासेमारीची जाळी होती तशीच दातेरी!

मी भडकले. जाळी काढ म्हणाले. तीन महिने खपून केलेली जाळी. तो लगेच पडद्याकडे वळला, त्याचाच मला जास्त राग आला.

मग त्याच्या खुर्चीमागे उभी राहून बघितलं आणि डोक्यात प्रकाश पडला. जाळीचे दोर खरे आकार म्हणून घडवलेले नव्हतेच. एका सपाट चौकोनावर चित्र होतं आणि भोकं पारदर्शक करून कापलेली होती. माझ्या चार जागांच्या तपासण्या फक्त आकाराच्या कडा बघत. भोक आहे की नाही, हे मात्र ठिपक्यामागे एकदाच ठरत होतं. जाळीसाठी मी पाच मिलिसेकंद पाण्यात घालवले होते.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “जाळी राहू दे.”

चारपट काढून टाकलं. त्याऐवजी तयार चित्रातल्या ठळक कडा शोधून त्या पुसट करणारा फिल्टर लावला. छपरं असोत की जाळी, त्याला सगळ्या कडा सारख्याच. खर्च एक मिलिसेकंद. चित्र किंचित धूसर झालं, म्हणून पडद्यावरची अक्षरं फिल्टरनंतर वर रेखाटली. गेममध्ये चालताना लांबचे बारीक दोर तरीही लुकलुकत होते, ते धाकट्याने जाड केले. फ्रेम पंधरात बसली.

बाई अर्धा तास खेळल्या. साठचा आकडा हलला नाही. करार झाला आणि सगळे खालच्या मजल्यावर चहाला गेले.

मी धाकट्याचं मशीन बंद करायला बसले. तिथे दुपारी बाराची एक फाईल होती, म्हणजे मी ओरडले त्यानंतर दहाच मिनिटांनी केलेली. उघडली तर गेम तोच, जाळी मात्र नाही. फाईलला नाव दिलं होतं, ‘ताई म्हणते तर’.

मी मान खाली घालून रडले.